‘पाणी’ शोधलं, ‘पाण्याची’ सापडली नाही

भूगोलाच्या तिसऱ्या सत्राची टिपणं समजा ऑब्सिडियन या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये आहेत. परीक्षेआधी तुम्ही ‘पाणी’ शोधता आणि बेसाल्टातल्या भूजलाचं नेमकं टिपण येत नाही. त्यात ‘पाण्याची पातळी’ असं लिहिलेलं असतं. साधा शोध अर्थ पाहत नाही, अक्षरांची माळ जुळवतो, आणि ‘पाण्याची’मध्ये ‘पाणी’ ही माळ नाहीच. ‘नियमाचा’ मात्र ‘नियम’ने सापडतो, म्हणून ही उणीव बरेच दिवस लक्षात येत नाही.

‘दुसऱ्या’ तर आणखी फसवा. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून घडवतात, तर काही साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. शंका आली तर टिपणातलाच शब्द कॉपी करून शोधात टाका. तो सापडला आणि हाताने टाइप केलेला सापडला नाही, तर दोष इथेच आहे.

म्हणून प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर शोधशब्दांची एक ओळ हवी. तिच्यात मूळ रूप, सामान्यरूप, इंग्रजी शब्द आणि बोलताना तोंडी येणारा शब्द लिहावा:

```
#map #doubt
शोधशब्द: पाणी, पाण्या, भूजल, groundwater, विहीर, basalt
```

एकाच वस्तूला दोन माणसं आपणहून एकच नाव देण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी असते, असं संशोधक फर्नास आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं होतं. मला वाटतं, जूनमधले आपण आणि नोव्हेंबरमधले आपण यांच्यातही असंच काहीसं होतं.

फोल्डर मात्र विषयापुरताच ठेवावा. पर्जन्यछायेचं टिपण हवामानशास्त्रात ठेवायचं की महाराष्ट्राच्या भूगोलात? फोल्डरमध्ये त्याला एकच घर मिळतं, म्हणून जिथे शिकवलं तिथे ठेवा आणि दुसरा धागा शोधशब्दांत लिहा. वरच्या `#map`, `#doubt` यांसारख्या टॅगने विषय सांगू नये, ते काम फोल्डरने केलेलंच असतं. टॅगने टिपणाचं काय करायचं ते सांगावं: नकाशा काढायचा आहे, शंका विचारायची आहे, व्याख्या पाठ करायची आहे. असे चार-पाच पुरतात. एकदाच वापरलेला टॅग काही गोळा करत नाही आणि सगळ्यांना लावलेला काही वेगळं काढत नाही. शंका फिटली की `#doubt` पुसायचा, नाहीतर महिन्याभरात ती यादी खोटी होते.

मग भूजलाच्या उरलेल्या शंका अशा निघतात:

```
path:"sem3/hydrology" tag:#doubt पाण्या
```

फळ्याचा फोटो यात येत नाही, कारण साध्या शोधाला चित्रातली अक्षरं दिसत नाहीत. फोटोखाली त्याच संध्याकाळी दोन ओळी टाइप कराव्या लागतात.