पाचावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग: युक्तीच्या मागचा चौकोन

पस्तिसाचा वर्ग किती? तिनाच्या पुढचा आकडा चार, तीन चोक बारा, बाराच्या पुढे पंचवीस लिहायचे: १२२५. पंच्याऐंशीचा वर्ग? आठ नवे बहात्तर, पुढे पंचवीस: ७२२५. ही युक्ती बहुतेकांनी कुणाकडून तरी ऐकलेली असते आणि ती सांगून झाली की सांगणारा बहुधा एवढं जोडतो, की हे वेदांतलं गणित आहे. युक्ती अगदी बरोबर आहे. तिची वंशावळ मात्र या एका वाक्यात सांगतात तशी नाही आणि खरी वंशावळ मला त्याहून कितीतरी सुंदर वाटते.

आधी बीजगणित पाहू. पाचावर संपणारी कोणतीही संख्या 10k + 5 अशी लिहिता येते. पस्तिसात k म्हणजे ३, एकशे पंचविसात १२.

(10k + 5)² = 100k² + 100k + 25 = 100k(k + 1) + 25

सगळी करामत मधल्या पदात आहे. 2 × 10k × 5 याची किंमत बरोबर 100k येते, म्हणजे पूर्ण शेकडे. ते शेकडे k² च्या शेकड्यांत मिसळतात आणि k² + k चं k(k + 1) होतं. शेवटच्या दोन घरांत पंचवीस एकटे उरतात, त्यांना कुणाचा धक्का लागत नाही. पाच हा दहाचा निम्मा आहे म्हणूनच हे जमतं. शेवटचा अंक सात असता तर मधलं पद 140k झालं असतं आणि शेकड्यांची ही स्वच्छ वाटणी मोडली असती.

हीच गोष्ट कागदावर करून पाहण्यासारखी आहे. मी मुलांना हे शिकवतो तेव्हा आलेख कागदावर ३५ घरांचा चौरस आखायला लावतो. त्यात ३० × ३० चा मोठा चौरस, त्याच्या उजवीकडे ५ घरं रुंद आणि ३० उंच अशी एक पट्टी, खाली तेवढीच दुसरी पट्टी आणि कोपऱ्यात ५ × ५ चा तुकडा, असे चार भाग पडतात. आता खालची पट्टी कापायची, उभी करायची आणि उजवीकडच्या पट्टीला लावायची. ३० × ४० चा आयत तयार होतो, १२०० घरांचा. कोपऱ्यातला २५ घरांचा तुकडा हातात उरतो. तीन चोक बारा आणि पुढे पंचवीस का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मुलं तो तुकडा हातात धरून हसतात, कारण नेहमी लिहिले जाणारे पंचवीस त्यांना पहिल्यांदाच दिसलेले असतात.

आता हेच उलट करा. ३० × ४० चा आयत घ्या. त्यातून ३० चा चौरस वेगळा करा. उरलेल्या १० × ३० च्या पट्टीचे दोन समान भाग करा. एक भाग जिथे आहे तिथेच ठेवा, दुसरा चौरसाच्या शेजारच्या बाजूला लावा आणि कोपऱ्यात राहिलेली रिकामी जागा लहान चौरसाने भरा. आयताचा चौरस करण्याची ही कृती बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. शुल्बसूत्रं यज्ञवेदीच्या मापांसाठी रचलेली, आणि आयताएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस आखणं हा तिथला खरोखरीचा प्रश्न होता. कोपरा भरण्यासाठी जास्तीचा चौरस घेतला, तो वजा कसा करायचा हेही तिथेच दोरीने काटकोन आखून सांगितलं आहे. शुल्बसूत्रं वेदांगांत मोडतात. म्हणजे या युक्तीचं वैदिक परंपरेशी नातं सांगायचंच असेल, तर ते या आकृतीतून सांगता येतं. तिथे k नाही, स्थानिक किंमत नाही, ‘पुढे पंचवीस लिहा’ असंही काही नाही. आहे तो चौकोन, दोन पट्ट्या आणि एक कोपरा. ग्रीक भूमितीत युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकातलं सहावं प्रमेय याच आकृतीवर उभं आहे.

आकृतीतून आकडेमोडीच्या नियमाकडे येण्याचा टप्पा ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात स्पष्ट दिसतो आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तो अर्ध्या श्लोकात बसवला आहे: “इष्टोनयुग्राशिवधः कृतिः स्यादिष्टस्य वर्गेण समन्वितो वा”. राशीतून आपल्याला सोयीची एक संख्या, म्हणजे ‘इष्ट’, वजा करायची आणि तीच राशीत मिळवायची. दोहोंचा गुणाकार करून त्यात इष्टाचा वर्ग घालायचा, की राशीचा वर्ग मिळतो.

n² = (n − a)(n + a) + a²

यात n = 35 आणि a = 5 घ्या: ३० × ४० + २५. आपली युक्ती अख्खी या नियमाच्या पोटात आहे. पण भास्कराचार्यांचा नियम पाचाला बांधलेला नाही. त्यांनी उदाहरणाला ९, १४, २९७ आणि १०००५ या संख्या दिल्या आहेत. २९७ साठी त्यांनी इष्ट तीन घेतला: २९४ आणि ३००, गुणाकार ८८२००, त्यात तिनाचा वर्ग ९, उत्तर ८८२०९. इष्ट असा निवडायचा की दोहोंपैकी एक संख्या गोल व्हावी, हे मर्म त्या एका उदाहरणात कळतं. १०००५ तर पाचावरच संपते. इष्ट पाच घेतला की १०००० × १००१० आणि २५, म्हणजे न चाचपडता थेट १०,०१,००,०२५ लिहिता येतं. आपल्या रीतीनेही तेच: हजार गुणिले एक हजार एक, पुढे पंचवीस.

भास्कराचार्यांचा ग्रंथ शिकवला जावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण गावी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. हा नियम आपल्या मातीत शिकवला गेला असं म्हणायला तो दगडी पुरावा आहे.

मग ‘वैदिक गणित’ हे नाव कुठून आलं? पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ १९६० साली निवर्तले आणि १९६५ मध्ये त्यांचं त्या नावाचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात सोळा सूत्रं आहेत. ‘एकाधिकेन पूर्वेण’, म्हणजे आधीच्यापेक्षा एकाने अधिक असलेल्याने, हे त्यातलं पहिलं. पुस्तकात हे सूत्र सुरुवातीला वापरलं आहे ते १/१९ सारख्या अपूर्णांकांचं आवर्ती दशांश रूप काढायला. पाचावर संपणाऱ्या संख्यांचा वर्ग नंतर, उपसूत्र म्हणून येतो. ही सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचं सांगितलं गेलं. लखनौचे गणित-इतिहासाचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल यांनी १९५० मध्ये छापील परिशिष्टाची प्रत समोर ठेवून ती कुठे आहेत असं स्वामीजींना विचारलं, तेव्हा ती आपल्या स्वतःच्या परिशिष्टातली आहेत असं त्यांनी सांगितलं. पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही हे लेखन स्वतंत्र, नवं परिशिष्ट मानावं असंच लिहिलं आहे. स्वामीजींची आकड्यांवरची पकड खरी होती आणि त्यांची मांडणी जिभेवर बसते, म्हणूनच ती घरोघर पोचली. सूत्रं वेदांतली ठरवण्याची गरज त्यांच्या गणिताला नाही.

नुकसान झालं ते दुसरीकडे. सूत्र पाठ झालं आणि कारण मागे राहिलं. पाठ केलेल्या मुलाच्या दोन चुका ठरलेल्या असतात. पहिली, ‘एकाने अधिक’ विसरून अंकाचा नुसता वर्ग करणं: पंच्याऐंशीला ६४२५. ही पकडायला एक खूण आहे. k आणि k + 1 या लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार नेहमी ०, २ किंवा ६ वर संपतो, म्हणून खऱ्या उत्तरात पंचविसाच्या आधीचा अंक या तिघांपैकीच असतो. ६४२५ मध्ये तिथे ४ आहे, म्हणजे उत्तर चूक. पण ही चाळणी सगळं अडवत नाही. पंचेचाळिसाला कुणी १६२५ लिहिलं तर ६ असल्यामुळे ते सुटून जातं. तिथे कागदाच्या पट्ट्या आठवाव्या लागतात: दोन्ही पट्ट्या मिळून 100k, म्हणजे ४०० राहून गेले. बरोबर उत्तर २०२५.

दुसरी चूक म्हणजे रीत नको तिथे ताणणं. दशक सारखे आणि एककांची बेरीज दहा असेल तर ती चालते:

(10k + a)(10k + 10 − a) = 100k(k + 1) + a(10 − a)

४३ × ४७ मध्ये चार पंचे वीस आणि तीन साते एकवीस, म्हणजे २०२१. ४१ × ४९ मध्ये एक नवे नऊ येतात, तर दोन घरं भरायला ०९ लिहायचे: २००९. शून्य विसरलं की उत्तर २०९ होतं, एक घर कमी. ३५ × ४५ मध्ये मात्र एककांची बेरीज दहा असूनही दशक वेगळे आहेत, म्हणून पुढे पंचवीस लिहून चालत नाही. तिथे भास्कराचार्यांचाच नियम उलटा फिरवायचा. मधली संख्या ४०, तिच्यापासून दोन्ही बाजूंना अंतर ५: १६०० वजा २५, म्हणजे १५७५.

संख्या मोठी झाली की रीत थकते, हेही खरं. ३८५ साठी ३८ × ३९ करावाच लागतो. ३८ × ४० मधून ३८ वजा करून १४८२, मग १४८२२५. काम निम्म्यावर येतं, संपत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती मराठीतली अपूर्णांकांची बोली. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. वरच्या सूत्राला शंभराने भागलं की ते याच बोलीत उतरतं:

(k + ½)² = k(k + 1) + ¼

दीड गुणिले दीड सव्वादोन. अडीच गुणिले अडीच सव्वासहा. औट गुणिले औट सव्वाबारा. साडेचार गुणिले साडेचार सव्वावीस. प्रत्येक उत्तर ‘सव्वा’च येतं, कारण कोपऱ्यातला तुकडा आता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव आहे. साडेबारा फुटांची चौरस खोली असेल तर बारा तेरे एकशे छप्पन्न आणि वर पाव: एकशे सव्वाछप्पन्न चौरस फूट.