‘म्हणजे’ आणि ‘त्यात समावेश होतो’ (व्याख्याखंडातील)

कायदा, नियम, उपविधी किंवा करारनामा यांच्या व्याख्याखंडात एखाद्या शब्दाचा अर्थ ठरवून देण्याच्या दोन रीती. ‘म्हणजे’ने सुरू होणारी व्याख्या बंद असते. जे सांगितले तेवढेच शब्दात येते, बाकी सारे बाहेर राहते. ‘त्यात समावेश होतो’ अशी व्याख्या साधारणपणे उघडी असते. शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि यादीतल्या गोष्टी त्यात भर म्हणून येतात. दोन्हींचा मिळून एक तिसरा सांचाही आहे: ‘म्हणजे अमुक, आणि त्यात तमुकाचाही समावेश होतो’. एकाच मसुद्यात हे सांचे विचार न करता अदलूनबदलून वापरले की यादी बंद आहे की उघडी, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि मग ते न्यायालयाला ठरवावे लागते.

दोन्ही सांचे शेजारी पाहायचे तर 1897 चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सोयीचा आहे. स्थावर मालमत्तेची व्याख्या तिथे ‘समावेश होतो’ने केली आहे: जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, जमिनीला जडलेल्या वस्तू आणि अशा वस्तूंना कायमच्या जोडलेल्या वस्तू. जंगम मालमत्तेची व्याख्या मात्र ‘म्हणजे’ने केली आहे: स्थावर सोडून उरलेली सर्व प्रकारची मालमत्ता. पहिली उघडी आहे, दुसरी तिच्यावर टेकून बंद झाली आहे. त्यामुळे कोणतीही मालमत्ता दोन्हींच्या मधे लोंबकळत राहत नाही.

मराठीत हे सांचे कुठून आले याबद्दल दोन प्रकारे विचार करता येतो. सातारा गादीच्या काळातील आणि त्याआधीच्याही इनामपत्रांत दानाची व्याप्ती ठरवणारी एक ठराविक शब्दावली आढळते: ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’. यातील ‘सहित’ भर घालतो, ‘खेरीज’ वगळतो, आणि ‘पेस्तर पट्टी’ हे शब्द पुढे बसणाऱ्या पट्ट्यांनाही आत घेतात, म्हणजे यादी भविष्याकडे उघडी ठेवतात. यावरून आजचा सांचा देशी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण इनामपत्रातली यादी काय दिले ते सांगते. एखादा शब्द पुढे पन्नास कलमांत कसा वाचायचा हे ती सांगत नाही. व्याख्याखंड ही स्वतंत्र रचना इंग्रजी कायद्यांबरोबर आली आणि तिचे मराठी रूप 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर कायदे मराठीत येऊ लागले तेव्हा स्थिरावले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इनामपत्रांचे महत्त्व वेगळे आहे. भर आणि वगळ यांसाठी मराठीत वेगवेगळे, नि:संदिग्ध शब्द होते, हे ती दाखवतात.

आजच्या बोलीत तेवढी स्पष्टता उरलेली नाही, आणि मराठी मसुद्याची खरी अडचण इथेच आहे. ‘पालेभाजी म्हणजे मेथी, पालक, चुका’ असे कोणी म्हणाले तर शेपू पालेभाजी नाही असे कुणालाच वाटत नाही. बोलण्यातला ‘म्हणजे’ बहुधा उदाहरणे देतो. उलट ‘आमच्या वाड्यात चार खोल्या, परस आणि विहीर येते’ असे म्हटले की ऐकणारा यादी पुरी झाली असे धरतो. म्हणजे बोलीत ‘म्हणजे’ उघडा आणि ‘येते’ बंद. कायद्याच्या भाषेत नेमके उलट. उपविधी लिहिणारा बोलीचा मराठी माणूस असतो आणि ते वाचणारा निबंधक किंवा वकील कायद्याच्या सांच्याने वाचतो. यावर उपाय सोपा आहे: यादी बंद ठेवायची असेल तर ‘म्हणजे फक्त’, उघडी ठेवायची असेल तर ‘यांचाही’ असे लिहावे. ‘फक्त’ आणि ‘ही’ या दोन छोट्या शब्दांनी बोली आणि कायदा एका रेषेत येतात.

‘समावेश होतो’ नेहमीच उघडे असते का, हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त भाग. न्यायालये अजूनही ज्याचा आधार घेतात तो निर्णय प्रिव्ही कौन्सिलचा, 1899 चा, न्यूझीलंडमधून आलेल्या डिलवर्थ प्रकरणातला. त्यात लॉर्ड वॉटसन यांनी सांगितले की हा शब्द सहसा अर्थ वाढवण्यासाठी वापरतात; पण केवळ भर घालणे हा त्याचा हेतू नव्हता असे संदर्भावरून दिसले, तर तो ‘म्हणजे व समावेश होतो’ याच्या तोडीचा होऊन अर्थ पुरता बंदही करू शकतो. सूत्र दोन्ही बाजूंना दार ठेवते. कोणते दार कधी उघडते हे भारतातल्या दोन निकालांवरून कळते.

पहिला 1971 चा, आयकर आयुक्त विरुद्ध ताजमहाल हॉटेल. 1922 च्या आयकर कायद्यात ‘यंत्रसामग्री’ या अर्थाच्या शब्दात वाहने, पुस्तके, शास्त्रीय उपकरणे आणि शस्त्रक्रियेची साधने यांचा समावेश होतो, असे म्हटले होते. हॉटेलात बसवलेली स्नानगृहातील भांडी व नळजोडण्या यादीत नव्हत्या. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्या यंत्रसामग्रीत धरल्या. पुस्तकाला एरवी कोणी यंत्रसामग्री म्हणत नाही. ते यादीत आहे, यावरूनच व्याख्या शब्दाला रुंद करू पाहते हे उघड होते.

दुसरा 1976 चा, दक्षिण गुजरातमधील कौल उत्पादकांचा. किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत कुंभारकाम उद्योगाची नोंद होती आणि तिच्या स्पष्टीकरणात पुढील वस्तूंच्या निर्मितीचा ‘समावेश होतो’ असे म्हणून कपबशा व ताटल्या, स्वच्छतागृहाची भांडी, उष्णतारोधक विटा, बरण्या, विजेची उपकरणे, रुग्णालयातील भांडी, कापडगिरणीचे भाग, खेळणी आणि चकाकीच्या फरशा अशा नऊ बाबी दिल्या होत्या. मंगलोरी धाटणीच्या कौलांचा उल्लेख नव्हता. कौल मातीचेच, भट्टीत भाजलेले. मिरज-सांगलीकडच्या जुन्या घरावर ते पाहून वाढलेला कोणीही ते कुंभारकामात धरील. न्यायालयाने मात्र विचारले: या नऊ वस्तू एरवीही कुंभारकामातच येतात, मग त्या मुद्दाम का सांगितल्या? अर्थ वाढवायला नव्हे, कारण वाढण्यासारखे त्यात काही नाही. तेव्हा त्या निवडून काढल्या आहेत आणि इथला ‘समावेश होतो’ म्हणजे खरे तर ‘म्हणजे’. कौले बाहेर राहिली आणि ती करणाऱ्या मजुरांना त्या नोंदीखालचे किमान वेतन लागू झाले नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की कसोटी हाती येते. यादीतल्या वस्तू शब्दाच्या नेहमीच्या अर्थाबाहेरच्या असतील तर ‘समावेश होतो’ उघडे राहते. त्या सगळ्या आतल्याच असतील तर ते मिटण्याचा धोका असतो. उपविधी लिहिणाऱ्यांना हे विचित्र वाटते, कारण ते खात्रीसाठी म्हणून ओळखीची, रोजची उदाहरणेच यादीत घालतात, आणि तीच यादी मिटवतात.

सांगली भागातील एका शीतगृहाच्या उपविधीसाठी कल्पिलेला मसुदा घेऊ. ‘शेतमाल : यात हळद, बेदाणा, गूळ व शाळू यांचा समावेश होतो.’ पुढे एका कलमात शेतमालाला सवलतीचा भाडेदर आहे. एक सभासद सोयाबीन घेऊन येतो, दुसरा हळदपूड. सोयाबीन शेतमाल आहे यात वाद नाही, पण कौलांच्या निकालाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, हळद आणि शाळू हे एरवीही शेतमालच, तरी ते सांगितले, म्हणून यादी पुरी आहे, सोयाबीन नाही. सभासद उत्तर देईल, गूळ आणि बेदाणा हे प्रक्रिया केलेले पदार्थ आहेत. रस आटवून गूळ होतो. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर सुकवल्यावर बेदाणा होतो. म्हणजे यादी अर्थ वाढवते, ती उघडी आहे. एकाच ओळीत दोन वस्तू एकीकडे ओढतात आणि दोन दुसरीकडे. हळदपुडीचा प्रश्न तर यादी उघडी धरूनही सुटत नाही, कारण प्रक्रिया कुठवर चालेल हे मसुदा सांगतच नाही.

हा मसुदा दुरुस्त करताना आधी संस्थेला काय हवे ते विचारावे लागते. चारच मालांना सवलत द्यायची असेल तर ‘शेतमाल म्हणजे फक्त हळकुंडाच्या रूपातील हळद, बेदाणा, गूळ व शाळू’ एवढे पुरते. सर्व पिकांना द्यायची असेल तर मूळ अर्थ आधी सांगून भर नंतर घालावी: ‘शेतमाल म्हणजे सभासदाने शेतात वा फळबागेत पिकवलेले व प्रक्रिया न केलेले उत्पादन, आणि त्यात बेदाणा, गूळ, उकडून वाळवलेली व पॉलिश केलेली हळद यांचाही समावेश होतो, परंतु हळदपूड येत नाही.’ आता सोयाबीन पहिल्या भागात येते, बेदाणा दुसऱ्या भागात आणि पूड बाहेर. दुसऱ्या भागात हळद उकडून वाळवलेली असे लिहिले आहे, कारण तीच पहिल्या भागाबाहेरची वस्तू आहे. शाळू तिथे पुन्हा घातला तर तो भर ठरत नाही, उलट मका का नाही हा प्रश्न उभा राहतो. उपविधीत अशी दुरुस्ती करायला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांकडे नोंदणी लागते. म्हणून हा विचार पहिल्याच मसुद्यात झालेला बरा.

याच तिसऱ्या सांच्याचा ओळखीचा नमुना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये आहे. मूळ व्याख्येनुसार सभासद म्हणजे संस्थेच्या नोंदणी-अर्जात सामील झालेली किंवा नोंदणीनंतर रीतसर दाखल करून घेतलेली व्यक्ती, आणि त्यात नाममात्र, सहयोगी व सहानुभूतीदार सभासद यांचाही समावेश होता. सहानुभूतीदाराला एरवी पूर्ण सभासद कोणी धरत नाही, म्हणून भर खरीखुरी आहे. साखर कारखान्याच्या यादीत कोण मोजायचे, हा प्रश्न या वाक्यातल्या ‘आणि त्यात’पाशी येऊन थांबतो.

हा सांचा वापरला की एकूण व्याख्या बंद मानतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कासिलिंगम प्रकरणात तसे म्हटले. 2007 मध्ये मुंबईच्या भारत सहकारी बँकेच्या प्रकरणात, औद्योगिक विवाद अधिनियमातील ‘बँकिंग कंपनी’च्या व्याख्येबाबत, तेच पुन्हा सांगितले. त्या व्याख्येत ‘म्हणजे’नंतर बँकिंग कायद्यातली कंपनी होती आणि ‘समावेश होतो’नंतर रिझर्व्ह बँक, स्टेट बँक वगैरे नावानिशी होत्या. सहकारी बँक दोन्हीकडे नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली आणि तिच्या कामगार-वादासाठी समुचित शासन, म्हणजे त्या वादात अधिकार असलेले सरकार, राज्याचे ठरले. ‘म्हणजे व समावेश होतो’ हे दोन शब्द एकाच यादीपुढे जोडीने ठेवणे मात्र टाळावे. न्यायालय त्याला बंद मानील, पण लिहिणाऱ्याला तसे हवे होते का हे त्यातून कळत नाही. बंद यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ लावणे तितकेच घातक आहे. ‘म्हणजे’ने लावलेले कुलूप ‘इत्यादी’ने उघडे पडते, आणि मग आत काय यायचे ते यादीतल्या वस्तूंच्या जातीवरून शोधावे लागते.

मसुदा तपासण्याची एक जुनी रीत आहे. व्याख्येतला मजकूर उचलून प्रत्येक कलमात त्या शब्दाच्या जागी ठेवून वाचायचा. ‘म्हणजे’ची व्याख्या सगळीकडे बसली पाहिजे, एखाद्या कलमात ती विसंगत वाटली तर त्या कलमात शब्द दुसऱ्याच अर्थाने वापरला गेला आहे. ‘समावेश होतो’ची व्याख्या अशी बसतच नाही, वाक्य लंगडे होते. उघडी म्हणून लिहिलेली व्याख्या जर प्रत्येक कलमात नीट बसली, तर ती मनात बंदच होती, एवढे समजावे. व्याख्याखंडाच्या सुरुवातीला बहुधा ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ आवश्यक नसेल तर’ असे शब्द असतात. त्यांमुळे बंद व्याख्याही एखाद्या कलमापुरती बाजूला ठेवता येते, पण त्यासाठी ते कलम तसे मागणारे असावे लागते.