गृहकर्जातील वार्षिक एकरकमी परतफेड

गृहकर्जाच्या ठरलेल्या मासिक हप्त्याशिवाय दरवर्षी एखादी ठोक रक्कम थेट मुद्दलात भरणे. याला बोलीभाषेत पार्ट पेमेंट किंवा प्रीपेमेंट म्हणतात. हप्ता तोच ठेवून अशी भरणा केली, की उरलेली मुदत घटते आणि एकूण व्याजही बरेच वाचते.

हे घडते कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते. ५० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात. वर्षभरात सुमारे ५.२१ लाख भरूनही मुद्दल फिटते जेमतेम ९९,५०० रुपये. वर्षाखेरीस एक लाख वेगळे भरले, तर वर्षभराच्या हप्त्यांनी केले तेवढेच काम ही एक रक्कम करते.

दर बदलला नाही, तर या कर्जावर २० वर्षांत सुमारे ५४.१४ लाख व्याज पडते. दर वर्षाखेरीस एक लाख भरत गेल्यास कर्ज १४ वर्षांत संपते आणि व्याज ३५.५८ लाखांवर येते. त्यासाठी असे १३ भरणे पुरतात. मात्र सगळ्या लाखांचे वजन सारखे नसते. फक्त पहिल्या वर्षाखेरीस लाखभर भरून पुढे काहीच जादा भरले नाही, तरी शेवटचे ११ हप्ते गळतात आणि ३.८ लाख व्याज वाचते. तोच लाख दहाव्या वर्षाखेरीस भरला, तर बचत १.३ लाखांची होते.

भरणा केल्यावर मुदत कमी करायची की हप्ता, हे कर्जदाराने लेखी कळवणे चांगले. पहिल्याच लाखानंतर मुदत कायम ठेवून हप्ता घटवला, तर तो दरमहा ८८५ रुपयांनी उतरतो, पण व्याजाची बचत लाखभरच राहते. ही काही बँकेची चलाखी नव्हे. दरमहा कमी भरले, तर मुद्दलही हळू फिटणार. हे ८८५ रुपये दरमहा पुन्हा मुद्दलात टाकले, तर दोन्ही पर्याय एकाच ठिकाणी येतात.

रक्कम खरोखर मुद्दलात गेली का, हे पुढच्या महिन्याच्या खातेउताऱ्यावरून कळते. हप्ता तोच असताना त्यातले व्याज लाखामागे सुमारे ७०८ रुपयांनी कमी दिसायला हवे. तसे न दिसल्यास रक्कम बहुधा आगाऊ हप्ते म्हणून जमा झालेली असते. व्याजाची आकारणी वार्षिक घटत्या शिलकीवर असेल, तर वर्षाच्या मध्ये भरलेल्या रकमेचा परिणाम वर्ष संपल्यावरच दिसतो. तरत्या दराच्या कर्जात दर वाढून हप्ता तसाच राहिला, तर कमी झालेली मुदत पुन्हा लांबू शकते.

वाचलेल्या साडेअठरा लाखांकडे निव्वळ नफा म्हणून पाहणे चूक आहे, कारण त्यासाठी १३ लाख रुपये वर्षानुवर्षे आधी दिलेले असतात. त्या रकमेवरचा खरा परतावा कर्जाच्या व्याजदराएवढा, म्हणजे या उदाहरणात ८.५ टक्के असतो.