भट्टीत जास्त वेळ राहिलेलं अ‍ॅल्युमिनियम

हल्ली मोबाइल उघडावा तर फोल्डिंग सायकल, शिडी, प्रवासी बॅग, कशाचीही जाहिरात असो, तिच्यावर ‘एअरक्राफ्ट ग्रेड अ‍ॅल्युमिनियम’ असा शिक्का असतोच. तो वाचला की मला एकच विचारावंसं वाटतं: ग्रेड कळला, टेम्पर कुठला? टेम्पर म्हणजे तापवून-थंड करून धातूला आणलेली अवस्था. या वस्तूंमध्ये बऱ्याचदा ६०६१ नावाचा मिश्रधातू असतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १ टक्का मॅग्नेशियम, ०.६ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर तांबं. त्याची पट्टी पूर्ण मऊ अवस्थेत असेल तर साधारण ५५ मेगापास्कल ताणाला ती कायमची वाकते. तीच पट्टी टी-६ या टेम्परमध्ये असेल तर हाच आकडा २७६ होतो. घटक तेच, वजन तेच, ताकद मात्र पाचपट. म्हणजे नुसता ग्रेड सांगून विक्रेता अर्धीच गोष्ट सांगतो, आणि ती सोयीची अर्धी.

उरलेली अर्धी गोष्ट भट्टीत घडते. इथे आपला नेहमीचा अंदाज चुकतो. लोहाराला छिन्नी तापवून पाणी पाजताना पाहिलेलं असतं, त्यामुळे तापवून पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो असं आपण धरून चालतो. पोलादाच्या बाबतीत ते खरं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू मात्र ५३० अंशांना तापवून पाण्यात बुडवला की बाहेर येतो तो बऱ्यापैकी मऊ. कडक होतो तो नंतर, निवांत. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या, १९०६ मध्ये बर्लिनजवळ. तांबं-मॅग्नेशियमवाल्या मिश्रधातूचा पाण्यात थंड केलेला नुसता ठेवून दिलेला नमुना काही दिवसांत आपोआप कडक झाला होता. का झाला, हे त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. आत बारीक कण तयार होत असावेत, ही कल्पना १९१९ मध्ये अमेरिकेत मांडली गेली आणि क्ष-किरणांनी त्याचा पुरावा मिळाला तो १९३८ मध्ये.

५३० अंशांना मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू अ‍ॅल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळलेले असतात. हळू थंड केलं तर ते बाहेर पडून मोठाले, विखुरलेले गोळे करतील. पाण्यात झटक्यात थंड केलं की त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. जागा नसताना ते आत अडकून राहतात. त्याचबरोबर अणूंच्या जाळीतल्या रिकाम्या जागाही गोठून अडकतात, आणि पुढे अणूंना सरकायला त्यांचाच उपयोग होतो. मग हा माल १७५ अंशांच्या भट्टीत आठेक तास ठेवतात. याला एजिंग म्हणतात. अडकलेले अणू एकमेकांना शोधत जवळ येतात, आधी नुसते पुंजके होतात, आणि मग त्यांच्या बारीक सुया बनतात. एक सुई सुमारे ४ नॅनोमीटर जाड आणि काही दहा नॅनोमीटर लांब. सगळ्या धातूत अशा सुया दाटीवाटीनं भरलेल्या असतात.

या सुयांनी ताकद कशी वाढते? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकदम सगळे सरकत नाहीत. जड सतरंजी एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की अख्खी सतरंजी सरकते, तसं एक रेघेसारखं वैगुण्य थरांमधून प्रवास करतं. त्याला डिसलोकेशन म्हणतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याला अडवणारं फारसं कोणी नसतं, म्हणून ते इतकं मऊ. वाटेत कण आले की रेघ अडते. तिच्यापुढे दोन मार्ग असतात. कण लहान असेल तर ती त्याला कापून जाते, आणि कण जितका मोठा तितकं कापणं कठीण. म्हणून सुरुवातीला भट्टीत जसजसा वेळ जातो तसतशी ताकद चढत जाते. पण कण एका मापापलीकडे गेला की त्याला कापण्यापेक्षा वळसा घालणं स्वस्त पडतं. रेघ दोन कणांच्या मधून धनुष्यासारखी बाहेर फुगते, फुगत फुगत कणाच्या मागे तिची दोन्ही अंगं भेटतात, तिथे तुटून पुन्हा जोडली जातात, आणि कणाभोवती एक कडं सोडून रेघ पुढे निघून जाते. एगॉन ओरोवाननं १९४८ मध्ये हा हिशेब मांडला. यात महत्त्व कणाच्या कणखरपणाला उरत नाही. दोन कणांमध्ये अंतर किती, एवढाच प्रश्न राहतो. अंतर दुप्पट झालं की अडथळा निम्मा.

आता भट्टी बंद करायला कोणी विसरलं असं समजा. विरघळलेले अणू एव्हाना बहुतेक बाहेर आलेले असतात, त्यामुळे कणांचा एकूण माल काही वाढत नाही. पण लहान कणाचं पृष्ठ त्याच्या आकाराच्या मानानं फार मोठं असतं आणि पृष्ठावरचे अणू सैल बसलेले असतात. ते सुटतात, अ‍ॅल्युमिनियममधून सरकत जातात आणि शेजारच्या मोठ्या कणाला चिकटतात. लहान कण नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात. सोपेपणासाठी कण गोल धरू. त्रिज्या दुप्पट झाली तर एका कणात आठपट माल मावतो. एकूण माल तोच, म्हणजे कणांची संख्या एक-अष्टमांशावर आली. मग त्यांच्यातलं सरासरी अंतर दुप्पट झालं, आणि वळसा घालायला लागणारा ताण निम्म्यावर उतरला. ओव्हरएजिंग म्हणतात ते हेच. धातूतून काही गळून गेलेलं नसतं. रेघेला रस्ता मोकळा झालेला असतो, बस्स.

वेळेच्या अक्षावर ताकद मांडली तर ती टेकडीसारखी दिसते, आणि टी-६ म्हणजे तिचा माथा. आता कारखान्यातली अडचण बघा. माल माथ्यापेक्षा कमी कडक भरला, तर तो चढावर आहे की उतारावर? कडकपणा मोजणारं यंत्र दोन्हीकडे तोच आकडा दाखवतं. चढावर असेल तर भट्टीत आणखी काही तास ठेवून काम भागतं. उतारावर असेल तर तेच काही तास आगीत तेल ओततील. यावर तोड म्हणून विद्युतवाहकताही मोजतात. अणू विरघळलेले असतात तोवर ते विजेच्या वाटेत येतात; बाहेर पडून कणांत गोळा झाले की वाट मोकळी होते. तांब्याची वाहकता १०० धरली तर ६०६१ नुसतं पाण्यात थंड करून खोलीच्या तापमानाला ठेवलेलं असताना ४० च्या आसपास, टी-६ मध्ये ४३ आणि पूर्ण मऊ अवस्थेत ४७ दाखवतं. कडकपणा कमी आणि वाहकता जास्त, म्हणजे माथा मागे पडला. मग परत ५३० अंश, परत पाणी, परत एजिंग. मधला रस्ता नाही.

वेल्डिंगमध्ये हे सगळं काही मिनिटांत घडतं. कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात टी-६ पाइपांची फ्रेम वेल्ड करून घेतली, तर फ्रेम वाकते ती सहसा वेल्डच्या शेजारी. लोक वेल्डरला बोल लावतात, आणि बिचाऱ्याचा टाका शाबूत असतो. टाक्याला अगदी लागून असलेल्या धातूत कण विरघळून जातात, आणि जरा पलीकडे, जिथे तापमान ३००-४०० अंशांपर्यंत गेलं, तिथे ते भराभर जाडे होतात. वेल्डपासून साधारण २५ मिलिमीटरपर्यंतची पट्टी अशी कमजोर धरून रचना करतात, आणि तिथली ताकद मूळच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी मोजतात. चांगल्या सायकलींच्या फ्रेम म्हणूनच वेल्ड केल्यावर अख्ख्या पुन्हा तापवून, पाण्यात थंड करून एज करतात. नाहीतर पाइप तिथे जाड घ्यावा लागतो. पावडर कोटिंगच्या ओव्हनची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. तिथे तापमान २०० च्या आसपास असलं तरी माल काही मिनिटंच आत असतो, तेवढ्यानं टी-६ चं फारसं बिघडत नाही.

आणि खुद्द विमानांत? तिथे ७०७५ हा जस्तवाला मिश्रधातू वापरतात. तो टी-६ मध्ये सर्वांत ताकदवान असतो, पण ताण आणि खारी, दमट हवा एकत्र आली की जाड भागांमध्ये धातूच्या स्फटिकांच्या सीमांवरून त्याला तडे जातात. म्हणून त्याला मुद्दाम माथ्यापलीकडे नेतात. त्या टेम्परला टी-७३ म्हणतात. दहा-पंधरा टक्के ताकद सोडून द्यायची आणि तडे टाळायचे, असा तो सौदा आहे.