इद्दतनंतरची पोटगी आणि मुलांचा ताबा : एका प्रश्नामागचा इतिहास

कौटुंबिक कायद्याच्या पेपरात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. मुस्लिम पतीने तलाक-ए-अहसन पद्धतीने, म्हणजे एकदाच उच्चारून, तलाक दिला. निकाहच्या वेळी पत्नीला कबूल केलेल्या मेहरचे 25,000 रुपये आणि इद्दतचा, म्हणजे तलाकनंतर पत्नीने पुनर्विवाहापूर्वी थांबायच्या काळाचा, खर्च चुकता केला. नऊ वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा आईजवळ आहेत. आई स्वतःसाठी आणि मुलांसाठी पोटगी मागते. पती म्हणतो, माझी जबाबदारी संपली, आणि मुलगा सात वर्षांचा झाल्याने तो माझ्याकडे द्या. बहुतेक विद्यार्थी शरियत आधी लिहितात, कलमे नंतर जोडतात आणि शेवटी दोन्हींत अडकतात. कोणता कायदा कशासाठी आला हे कळले की उत्तराचा क्रम आपोआप लागतो.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 धर्म पाहत नव्हते. सोडून दिलेली पत्नी आणि मुले रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. पण घटस्फोटितेला ते लागू नव्हते, त्यामुळे तलाक दिला की पती मोकळा होई. ही पळवाट 1973 च्या संहितेने बुजवली. कलम 125 मध्ये पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही ‘पत्नी’ ठरली. मात्र त्याच वेळी कलम 127(3)(ब) आले : व्यक्तिगत कायद्यानुसार घटस्फोटानंतर देय असलेली रक्कम दिली असेल, तर पोटगीचा आदेश रद्द होऊ शकतो.

पुढचा सगळा वाद याच वाक्यावर झाला. बाई ताहिरा खटल्यात (1979) मेहर 5,000 रुपये होते आणि इद्दतचे 180. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दिलेली रक्कम पोटगीची जागा घेईल इतकी हवी, नुसती पावती पुरेशी नाही. शाहबानो खटल्यात (1985) हेच तत्त्व घटनापीठाने पक्के केले. इंदूरच्या या वृद्ध महिलेला दंडाधिकाऱ्यांनी महिना 25 रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्या रकमेवर देश पेटला, आणि 1986 चा मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायदा आला.

त्या कायद्याचा अर्थ पोटगी इद्दतपुरतीच, असा सरसकट घेतला गेला. मजकूर मात्र इतकेच म्हणतो की पतीने इद्दतच्या काळात ‘वाजवी व न्याय्य तरतूद आणि पोटगी’ करून द्यावी. डॅनियल लतिफी खटल्यात (2001) न्यायालयाने यातला फरक दाखवला : तरतूद करण्याची मुदत इद्दत आहे, तरतूद मात्र पुढच्या आयुष्यासाठी हवी. मला हा निकाल या विषयातला सर्वांत कुशल वाटतो, कारण कायदा रद्द न करता त्याने त्यातून हक्क वाचून काढला. 10 जुलै 2024 च्या मोहम्मद अब्दुल समद निकालाने शेवटची शंकाही मिटवली : 1986 च्या कायद्याखालचा दावा आणि कलम 125 (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144), यांपैकी कोणताही मार्ग घटस्फोटितेला खुला आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नात पतीने दिलेले 25,000 रुपये हिशेबात धरले जातील, पण त्यावर हक्क संपणार नाही. पत्नीचे उत्पन्न, पतीची ऐपत आणि दिलेली रक्कम किती काळ पुरेल, हे तपासूनच आकडा ठरेल. तलाक एका दमात तीनदा उच्चारून दिला असता, तर उत्तर वेगळे सुरू झाले असते : 2019 च्या कायद्याने तो तलाक शून्य ठरतो, म्हणजे ती अजून पत्नीच आहे.

मुलांची पोटगी वेगळ्या परिच्छेदात लिहावी. 1986 चा कायदा मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाबद्दल बोलतो. पण तो आईचा हक्क आहे, मुलांचा नव्हे. नूर सबा खातून खटल्यात (1997) न्यायालयाने सांगितले की कलम 125 खाली मुलांचा हक्क स्वतंत्र आहे आणि आईच्या घटस्फोटाने तो बुडत नाही.

ताब्याच्या प्रश्नाचे मूळ आणखी जुने, 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. हनफी पंथात हिजानतनुसार, म्हणजे मूल जवळ ठेवण्याच्या आईच्या हक्कानुसार, मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. 1890 चा कायदा हा नियम नाकारत नाही. कलम 17 म्हणते, पाल्याला लागू असलेल्या कायद्याशी सुसंगत राहून त्याचे हित पाहावे. हे हित न्यायालयांनी क्रमाक्रमाने सर्वोच्च स्थानी आणले, म्हणून सात वर्षे पूर्ण झाली एवढ्यावर मुलगा उचलून देता येत नाही. त्याची शाळा, बहिणीशी असलेली सोबत, बापाच्या घरी त्याला दिवसभर कोण सांभाळणार, हे विचारले जाते. मुलाला समज आली असेल तर त्याचे म्हणणेही न्यायालय विचारात घेऊ शकते. मुलगा आईकडे राहिला, तरी त्याचा खर्च बापावरच राहतो आणि भेटीचा हक्क बापाला वेगळा मागता येतो.