पूर्णत्व-खर्चाचा अंदाज (अर्जित मूल्य पद्धती)

पूर्णत्व-खर्चाचा अंदाज, व्यवहारात ईएसी : अर्धवट झालेला प्रकल्प पुरा होईपर्यंत एकूण किती खर्च येईल याचा आकडा. आजवर झालेला खर्च आणि उरलेल्या कामाला लागणारा खर्च यांची ती बेरीज असते. पहिला भाग हिशेबाच्या वहीत सापडतो. दुसऱ्याविषयी काहीतरी गृहीत धरावेच लागते, आणि ईएसीची निरनिराळी सूत्रे म्हणजे हीच निरनिराळी गृहीतके होत.

झालेले काम अंदाजपत्रकी मूल्याने मोजून ते खर्चाशी ताडून पाहण्याच्या या पद्धतीचे मूळ नेमके कोठे मानावे याविषयी एकमत नाही. काही लेखक ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कारखान्यांतील प्रमाण-परिव्ययापर्यंत नेतात. तेथील औद्योगिक अभियंते खर्च झालेल्या रकमेची तुलना प्रत्यक्ष निघालेल्या कामाशी करीत. इतर लेखक १९६२ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेल्या पर्ट-कॉस्ट या खर्च-नियोजन पद्धतीपासून सुरुवात करतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने डिसेंबर १९६७ मध्ये खर्च व वेळापत्रक नियंत्रणाचे निकष लागू केले, तेव्हापासूनची परंपरा मात्र सलग आहे. कारखान्याशी असलेले नाते कल्पनेचे, तर १९६७ शी असलेले नाते परिभाषेचे आणि कार्यपद्धतीचे आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आज रूढ असलेली सूत्रे या दुसऱ्या परंपरेतील आहेत.

नेहमीच्या वापरातील तीन सूत्रे अशी :

```
EAC = AC + (BAC - EV)
EAC = BAC / CPI
EAC = AC + (BAC - EV) / (CPI * SPI)
```

येथे BAC म्हणजे मूळ एकूण अंदाजपत्रक, EV अर्जित मूल्य, म्हणजे झालेल्या कामाचे अंदाजपत्रकी मूल्य, AC प्रत्यक्ष खर्च. CPI हा खर्चाचा निर्देशांक म्हणजे EV भागिले AC, आणि SPI हा वेळापत्रकाचा निर्देशांक म्हणजे EV भागिले नियोजित मूल्य, म्हणजे आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाचे अंदाजपत्रकी मूल्य. उरलेले काम ठरल्या दराने होईल असे पहिले सूत्र मानते, तर दुसऱ्याच्या मते ते आजवरच्याच दराने होईल. तिसरे सूत्र वेळापत्रकातील पिछाडीचा भारही खर्चावर टाकते. काम संपत आले की पिछाडी असली तरी SPI आपोआप १ कडे सरकतो. त्यामुळे तिसऱ्या सूत्राचा जोर प्रकल्पाच्या उत्तरार्धात ओसरतो.

दुसऱ्या सूत्राला प्रतिष्ठा मिळाली ती स्थिरतेच्या सिद्धांतामुळे. संशोधक डेव्हिड क्रिस्टेन्सेन व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकी संरक्षण करारांची आकडेवारी तपासली. सुमारे २० टक्के काम झाल्यावर संचित CPI अखेरपर्यंत ०.१० हून अधिक हलत नाही, आणि हललाच तर बहुधा खाली जातो, असे त्यांना आढळले. त्यामुळे BAC / CPI हा आकडा खर्चाची खालची मर्यादा मानण्याची प्रथा पडली. हेंडरसन व झ्विकाएल यांनी २००८ मध्ये इतर प्रकल्पांची आकडेवारी पुढे ठेवून हा नियम सर्वत्र लागू पडत नाही असे दाखविले. मोठ्या, दीर्घकालीन संरक्षण करारांसाठी तो मार्गदर्शक धरावा; अन्यत्र त्याला नियम म्हणणे धाडसाचे ठरेल. जानेवारी १९९१ मध्ये रद्द झालेल्या अमेरिकी नौदलाच्या ए-१२ विमान-प्रकल्पाच्या चौकशीत, निर्देशांकांवरून निघणाऱ्या अंदाजांपेक्षा बरेच कमी आकडे वर कळविले गेल्याचे दिसले. ‘यापुढे सुधारेल’ या विधानाकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हापासून अधिक पक्की झाली.

तरीही काही वेळा मागचा दर खरोखरच पुढे चालू राहत नाही. अशा वेळी सूत्र निवडण्याआधी मागचा जादा खर्च फोडून पाहावा लागतो. एका काल्पनिक पाइपलाइनचे उदाहरण घेऊ. अंदाजपत्रक १०,००० मनुष्य-तासांचे, नियोजित मूल्य ४,५००, अर्जित मूल्य ४,०००, खर्च झालेले तास ५,०००. CPI ०.८० येतो, SPI ०.८९. वरील सूत्रांनी अनुक्रमे ११,०००, १२,५०० आणि सुमारे १३,४४० तास निघतात.

आता १,००० तासांची तूट उलगडू. त्यांपैकी ६०० तास चुकीच्या ड्रॉइंगमुळे उकलून पुन्हा केलेल्या जोडांवर गेले. ड्रॉइंग दुरुस्त झाले आहे, ते काम पुन्हा येणार नाही. बाकीचे ४०० तास वेल्डिंगच्या मंद गतीचे असून ती गती तशीच आहे. पहिले सूत्र ही मंद गती विसरते. दुसरे सूत्र ड्रॉइंगची चूक पुढेही होत राहील असे धरते. म्हणून दर काढताना ६०० तास वगळतात : ४,००० भागिले ४,४०० म्हणजे ०.९०९. उरलेल्या ६,००० तासांच्या कामाला या दराने ६,६०० लागतील. त्यात आजवरचे पूर्ण ५,००० मिळवले की ११,६०० येतात. येथे एक चूक वारंवार दिसते : वगळलेले ६०० तास खर्चातूनही वजा होतात आणि अंदाज ११,००० वर उतरतो. दर शुद्ध करायचा असतो, खर्च नव्हे. ते तास गेलेच आहेत.

‘एकदाच घडले’ हा दावा तपासण्याची सोपी खूण अलीकडच्या महिन्यांत असते. येथे शेवटच्या तीन महिन्यांत १,२०० तासांचे मूल्य १,३५० तासांत मिळाले, म्हणजे दर ०.८९. आधीच्या काळातील कच्चा दर २,८०० भागिले ३,६५०, म्हणजे ०.७७. अलीकडचा दर ०.८० पेक्षा वर आणि शुद्ध केलेल्या दराच्या जवळ आहे, म्हणून दावा टिकतो. तो ०.७७ च्याच आसपास राहिला असता, तर पुनर्काम थांबलेले नाही किंवा दुसऱ्या नावाखाली चालू आहे असे समजावे लागले असते. मात्र कामाचे मूल्य टप्पा पुरा झाल्यावरच जमा होत असेल तर तीन महिन्यांची खिडकी उड्या मारते. मग ती रुंद करणे भाग पडते. दर महिन्याला नवीन ‘एकदाच’ निघू लागले, तर ती प्रकल्पाची नेहमीची चालच समजावी.

उरलेले काम वेगळ्या जातीचे असेल तर शुद्ध केलेला दरही पुरत नाही. वरील ६,००० पैकी २,००० तास वेल्डिंगचे आणि ४,००० चाचणी व कार्यान्वयनाचे आहेत असे धरू. वेल्डिंगला ०.९०९ दराने २,२०० तास लागतील. चाचणी अजून सुरूच झालेली नाही, त्यामुळे तिला वेल्डिंगचा निर्देशांक लावण्यास आधार नाही. ते काम करणाऱ्यांनी तुकड्यातुकड्याने नव्याने मांडलेला अंदाज येथे वापरतात. तो ४,७०० आला तर एकूण ११,९०० तास होतात. याला तळापासूनचा अंदाज म्हणतात. तो सर्वांत महाग पडतो, आणि तो मांडणारी माणसे आशावादी असू शकतात.

म्हणून पुढील निर्देशांकाने त्याचा ताळा घेतात :

```
TCPI = (BAC - EV) / (EAC - AC)
```

११,९०० साठी तो ६,००० भागिले ६,९००, म्हणजे ०.८७. उरलेले काम या दराने होणे आवश्यक आहे, आणि तीन महिन्यांचा ०.८९ हा दर त्याला पेलण्याजोगा आहे. ११,००० साठी तो १.०० येतो, म्हणजे आजवर एकदाही न गाठलेला वेग उद्यापासून शेवटपर्यंत टिकवावा लागेल. निर्देशांकाचा ताळा जमणे म्हणजे चाचणीचा अंदाज बरोबर असणे नव्हे, कारण ०.८९ हा वेल्डिंगचा अनुभव आहे. चाचणीचा पहिला महिना संपला की ४,७०० हा आकडा प्रत्यक्ष दराने पुन्हा मांडतात.