साबणाचा पडदा वरच्या कडेला काळा का पडतो?

तारेची वळी साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढली आणि उभी धरली, की तिच्यात ताणलेल्या पडद्यावर थोड्याच वेळात आडवे रंगीत पट्टे उमटतात. पाणी आपल्या वजनाने खाली उतरत असतं, त्यामुळे पडदा वर पातळ आणि खाली जाड होत जातो. मागे काळा कागद धरावा आणि समोरून खिडकीचा उजेड घ्यावा, म्हणजे पट्टे स्पष्ट दिसतात. पडदा आणखी काही वेळ टिकला, तर अगदी वरच्या कडेला एक काळा पट्टा तयार होतो. तिथे पडदा फाटलाय असंच वाटतं. पण तो फाटला असता तर सगळाच क्षणात फुटला असता. पडदा तिथे आहे, फक्त तो उजेड परत पाठवत नाही. रॉबर्ट हुक यांनी १६७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बुडबुड्यांवरच्या अशा काळ्या डागांचं वर्णन केलं होतं.

हा काळा पट्टा मला सगळ्या रंगांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पडद्याची जाडी मोजायची तर शून्याची खूण तोच देतो.

पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दोन टक्के भाग पुढच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. बाकीचा आत शिरतो आणि साधारण तेवढाच भाग मागच्या पृष्ठभागावरून परत येतो. डोळ्यात या दोन्ही लहरी एकत्र पोचतात. मागून आलेली लहर पडद्यातून जाऊन-येऊन जाडीच्या दुप्पट अंतर जास्त चाललेली असते. दोन्ही लहरींचे उंचवटे जुळले तर तो रंग उजळतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर तो रंग पुसला जातो. यालाच व्यतिकरण म्हणतात.

आता जाडी जवळजवळ शून्य आहे असं समजा. मग जास्तीचं अंतरही शून्य. दोन्ही लहरी जुळायला हव्यात आणि पडदा चकाकायला हवा. प्रत्यक्षात तो काळा दिसतो, म्हणजे हिशोबात काहीतरी राहिलंय.

राहिलंय ते परत फिरण्याच्या जागी. दोराचं टोक भिंतीला घट्ट बांधून झटका दिला, तर वर उठलेला उंचवटा भिंतीवरून खळगा होऊन परत येतो. टोक मोकळं असेल तर उंचवटा उंचवटाच राहतो. प्रकाश हवेतून येऊन पाण्यावरून परत फिरतो तेव्हा तो असाच उलटतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा जास्त आहे. आत गेलेली लहर मात्र पाण्यातून हवेच्या सीमेवर येऊन परत फिरते, आणि तिथे उलटत नाही. दोघींपैकी एकच उलटली, म्हणून जाडी शून्याजवळ असताना त्या एकमेकींना खोडतात, आणि तेही सगळ्याच रंगांसाठी. सर्वांत पातळ काळा पडदा सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा असतो. तो पडलेल्या प्रकाशाच्या हजाराव्या भागाइतकाही प्रकाश परत पाठवत नाही.

या एका उलटण्यामुळे नेहमीचे नियम अदलाबदल होतात. सरळ समोरून पाहताना, t ही जाडी, n हा अपवर्तनांक, λ ही हवेतली तरंगलांबी आणि m हा ०, १, २ असा पूर्णांक धरला तर:

अंधार: 2nt = mλ
उजेड: 2nt = (m + ½)λ

विद्यार्थ्यांची गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे हे दोन नियम उलटे लागतात. दुसरं म्हणजे n विसरला जातो. पडद्यात प्रकाशाची लहर आखडते: ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश १.३३ अपवर्तनांकाच्या साबणपाण्यात सुमारे ४१४ नॅनोमीटरचा होतो. हिरवा पहिल्यांदा पूर्ण उजळतो तो याच्या पाव भागाइतक्या, म्हणजे १०३ नॅनोमीटर जाडीला. पुढे ३१० आणि ५१७ नॅनोमीटरला तो पुन्हा उजळतो. अधेमधे, २०७ नॅनोमीटरला, तो पुसला जातो.

मग १०३ नॅनोमीटरला पडदा हिरवा दिसायला हवा ना? तो दिसतो रुपेरी पांढरा. एवढ्या कमी जाडीला निळा आणि लालही जवळजवळ तितकेच उजळलेले असतात. ठळक रंग सुरू होतात ते एखादा रंग पुसला जायला लागल्यावर. ४५० नॅनोमीटरचा निळा १६९ ला जातो, उरतो पिवळा-नारिंगी. २०७ ला हिरवा जातो आणि जांभळा दिसतो. २४४ च्या आसपास ६५० नॅनोमीटरचा लाल जातो आणि पडदा निळा होतो. म्हणून वरून खाली क्रम लागतो तो काळा, रुपेरी, पिवळा, जांभळा, निळा असा. खाली, जाडी एक हजार नॅनोमीटरपर्यंत गेली की एकाच जागी तीन-चार तरंगलांब्या उजळतात आणि रंग फिके गुलाबी-हिरवे होत जातात.

नुसत्या रंगावरून जाडी सांगणं त्यामुळे धोक्याचं. हिरवा उजळला आहे एवढ्यावरून ३१० की ५१७ हे कळत नाही. वरच्या काळ्या पट्ट्यापासून मोजत यावं लागतं, आणि ते सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली सोपं जातं. त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणजे एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत जाडी ५८९ भागिले २.६६, म्हणजे २२१ नॅनोमीटरने वाढते. वरचा काळा भाग शून्य धरून खाली सातवा काळा पट्टा जिथे आहे, तिथली जाडी सात गुणिले २२१, म्हणजे जवळपास दीड मायक्रोमीटर. पाहताना मान तिरकी करू नये. तिरक्या नजरेला तीच जाडी कमी भासते आणि पट्टे सरकतात. पडद्यावर वारा लागत असेल तर पट्टे वेडेवाकडे वळतात, मग मोजणी सोडून द्यावी. वळीवर काचेची बरणी उपडी घातली की पडदा शांत राहतो आणि टिकतोही जास्त.

हीच मोजपट्टी हवेच्या पाचरीलाही लागू पडते. दोन सपाट काचपट्ट्या एका कडेला टेकवायच्या आणि दुसऱ्या टोकाला मध्ये केस ठेवायचा. इथे उलटते ती खालच्या काचेवरून फिरणारी लहर, वरची नाही. पण उलटते एकच, म्हणून टेकलेली कड काळीच दिसते. हवेचा n जवळपास १ असल्यामुळे प्रत्येक पट्ट्याला जाडी २९४.५ नॅनोमीटरने वाढते. कडेपासून केसापर्यंत ५० मिलिमीटर अंतर असेल आणि दोन काळ्या पट्ट्यांमध्ये पाव मिलिमीटर, तर एकूण २०० पट्टे होतात आणि केसाची जाडी निघते सुमारे ५९ मायक्रोमीटर.

कड काळीच का, याची परीक्षा थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतली. दोन वेगळ्या प्रकारच्या काचांमध्ये त्यांनी ससाफ्रासचं तेल भरलं. या तेलाचा अपवर्तनांक एका काचेपेक्षा जास्त आणि दुसरीपेक्षा कमी. आता दोन्ही लहरी सारख्याच फिरणार होत्या, आणि काचा जिथे टेकतात तिथला मधला डाग पांढरा दिसला.

पाचरीत चूक होते ती बहुधा धुळीमुळे. टेकलेल्या कडेत एक कण अडकला तर तिथे जाडी शून्य राहत नाही. कड काळी दिसत नसेल तर काहीतरी अडकलंय हे लगेच कळतं. पण कणाची उंची नेमकी २९४.५ च्या पटीत आली तर कड काळीच दिसते आणि चूक लपून राहते. म्हणून पांढऱ्या उजेडात एकदा कड पाहून घ्यावी. खरा शून्याचा पट्टा सगळ्या रंगांना काळा असतो. फसव्या काळ्या कडेला रंगाची झाक येते. तशी झाक दिसली तर काचा पुसून पुन्हा मांडाव्यात.